सँडविच बीम: कागदावर ३३० पट ताठ, प्रत्यक्षात त्याच्या निम्माही नाही. फरक कुठे जातोय?

वेदांग_८

नमस्कार मंडळी. काही मोजमापाची उपकरणं ठेवायला एक हलकी पट्टी बनवतोय. १ मिमी जाडीचे अ‍ॅल्युमिनियमचे दोन पत्रे, मध्ये २० मिमी एक्सपीएस फोम, एपॉक्सीने चिकटवलेले. रुंदी १०० मिमी, दोन टेकूंमधलं अंतर १ मीटर. मध्यभागी २०० न्यूटन, म्हणजे साधारण वीस किलो टांगून चाचणी घेतली. वाक ५ मिमीच्या आत राहायला हवा ही अट आहे.

हिशोब असा केला होता. हेच दोन पत्रे फोमशिवाय एकमेकांना चिकटवले तर २ मिमीची पट्टी होते. त्याऐवजी ते २० मिमी लांब नेले की बेंडिंगचा ताठपणा ३३० पट होतो. वजनात फोमचे जेमतेम ७० ग्रॅम वाढतात, पत्रे मिळून ५४० ग्रॅम आहेत. या ताठपणाने वाक २.७ मिमी यायला हवा. डायल गेजवर आला ६.५ मिमी.

स्ट्रेन गेजही लावले होते, दोन्ही खालच्या पत्र्यावर. एक बरोबर मध्यभागी, दुसरा मध्यापासून १०० मिमीवर. मध्यावर ३४० मायक्रोस्ट्रेन अपेक्षित होता, दिसला ५३०. बाजूच्या गेजवर २७२ अपेक्षित होता, आला २६८. एक जागा इतकी बरोबर आणि दुसरी इतकी चुकीची कशी? चिकटवणी सुटली असेल का?

पत्रेवाला

सुटलीच असणार. एक्सपीएसला एपॉक्सी धरतं, पण फोमचा गुळगुळीत पापुद्रा पॉलिशपेपरने खरवडला नसेल तर तो पापुद्राच उठून येतो. पत्राही घासून, पुसून घ्यावा लागतो. पत्रा फोमवर थोडा थोडा सरकतोय म्हणून वाक जास्त. नाण्याने टकटक करून बघा, सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो.

आणि दुसरं, फोम जाड घ्या. २० च्या जागी ४० मिमी. सगळे प्रश्न सुटतील.

रानवारा

आम्ही गच्चीवरच्या खोलीला असेच पॅनल लावले, ५० मिमी. उन्हाळ्यात फरक जाणवतो. तुमच्या उपकरणांना उष्णतेपासून किती संरक्षण हवंय त्यावर जाडी ठरवा.

वेदांग_८

@रानवारा, उष्णतेचा प्रश्न नाहीये, वाकण्याचा आहे.
@पत्रेवाला, पापुद्रा खरवडला होता. नाण्याने तपासलं, आवाज सगळीकडे सारखा. वजन काढलं की काटा शून्यावर परत येतो, दर वेळी.

शिल्पा_स

काटा शून्यावर येतोय म्हणजे चिकटवणीवरचा संशय जवळजवळ मिटला. सरकलेला सांधा इतक्या इमानदारीने परत येत नाही. आणि थोडा मोठा भाग सुटला असता तर वाक दुपटीवर थांबला नसता. पूर्ण सुटे दोन पत्रे हे चिकटलेल्या २ मिमी पट्टीच्याही एक-चतुर्थांश ताठ असतात, तिथे तुमचं वजन जमिनीला टेकलं असतं.

तुमचा हिशोब बेंडिंगपुरता बरोबर आहे. त्यात फक्त पत्रे लांबतात आणि आखडतात, बाकी काही हलत नाही असं धरलंय. पण वरचा पत्रा दाबला जातोय आणि खालचा ताणला जातोय, तर त्या दोघांना एकमेकांशी बांधून ठेवणारा कोण? फोम. जाड वही दोन्ही टोकांना धरून वाकवली की पानं एकमेकांवरून तिरकी होतात ना, तसा फोम तिरका होतो. हा शिअरचा वाक वेगळा काढून बेंडिंगच्या वाकात मिळवावा लागतो. घन धातूच्या पट्टीत तो इतका किरकोळ असतो की आपण विसरून जातो. हलक्या फोममध्ये विसरून चालत नाही.

```
w = P·L³/(48·D) + P·L/(4·S)
D = E·b·t·d²/2
S = G·b·d²/c
```

इथे d म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्यरेषांमधलं अंतर, तुमच्याकडे २१ मिमी. c ही फोमची जाडी आणि G हा फोमचा शिअर मॉड्युलस. तुमच्या फोमचा G किती आहे?

वेदांग_८

विकणाऱ्याकडच्या कागदावर फक्त दाबाची ताकद आणि उष्णतेचे आकडे आहेत. G कुठेच नाही.

शिल्पा_स

इन्सुलेशनसाठी विकल्या जाणाऱ्या फोमचा तो देतच नाहीत, द्यायची गरजही नसते. हरकत नाही, तुमची पट्टीच तो सांगेल. टेकू जवळ आणा, अंतर ५०० मिमी करा, वजन तेच ठेवा. मोजताना दोन पथ्यं पाळा. गेज खालच्या पत्र्याला टेकवा, कारण वर वजनाखाली फोम दाबला जातो आणि तो खड्डाही वाकात मोजला जातो. आणि टेकूंवरही पट्टी किती दबते ते बघून वजा करा.

सगळा वाक बेंडिंगचा असेल तर अंतर निम्मं केल्यावर तो आठव्या हिश्शावर येईल. सगळा शिअरचा असेल तर फक्त निम्मा होईल. तुमचा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडेल.

गणिती_किडा

वाचतोय. तोवर एक शंका. फोम बेंडिंग घेत नाही असं म्हणतात, तर मग फोम कुठला घेतला याने फरक पडायला नको. फोमचं काम फक्त पत्रे दूर ठेवणं. बेंडिंगच्या D मध्ये तर फोमचा E अक्षरशः नगण्य येतो, मी आत्ताच घालून पाहिला, हजारात एक हिस्साही नाही.

शिल्पा_स

D पुरतं तुमचं म्हणणं खरं आहे. पण पत्र्यांना "दूर ठेवणं" पुरत नाही, त्यांना एकत्र काम करायला लावणंही फोमकडेच आहे आणि ते काम S मध्ये मोजलं जातं. मध्ये फोमऐवजी चार खुंट्या ठेवल्या तरी पत्रे दूर राहतील. पण ती सँडविच होणार नाही.

वेदांग_८

मोजलं. ५०० मिमीवर २.२३ मिमी. १००० वर पुन्हा घेतला, टेकूंचा दाब वजा करून ६.४८.

आठव्या हिश्शाने ०.८१ यायला हवा होता, निम्म्याने ३.२४. म्हणजे मधलाच.

गणिती_किडा

दोन समीकरणं, दोन अज्ञात. प्रत्येक वाकाला वजन × अंतर याने भागलं की समीकरण सरळ रेषेचं होतं, आडव्या अक्षावर अंतराचा वर्ग. चढ बेंडिंग सांगतो, रेषा उभ्या अक्षाला छेदते तिथे शिअर.

D आला सुमारे १.५५ × १०⁹ न्यूटन-मिमी². पत्र्यांच्या मापावरून काढलेला १.५४ होता. म्हणजे बेंडिंगचा ताठपणा पूर्ण मिळतोय, त्यातलं काहीच हरवलेलं नाही! S आला सुमारे १३,२०० न्यूटन, त्यावरून G बरोबर ६ मेगापास्कल.

१००० मिमीवर २.७ बेंडिंगचे आणि ३.८ शिअरचे. ५०० वर बेंडिंगचा ०.३४ आणि शिअरचा १.८९. शिअरचा वाटा इतका असेल असं वाटलं नव्हतं.

शिल्पा_स

छान. ३३० पटीचा अर्थ आता असा लावा: बेंडिंगचा ताठपणा ३३० पट वाढला, पण या अंतरावर, या वजनाला, हाताला जाणवणारा ताठपणा १३८ पटच वाढला. अंतर वाढवत नेलं तर तो ३३० च्या जवळ सरकेल, आखूड केलं तर आणखी घसरेल. म्हणून "सँडविच इतके पट ताठ" असा आकडा अंतर न सांगता कुणी दिला तर मी तो बाजूला ठेवते.

दोनच अंतरांवर समाधान मानू नका. तिसरं, ७५० चं घ्या. तिन्ही बिंदू एका रेषेत आले नाहीत तर मोजण्यात काहीतरी गडबड आहे, बहुधा टेकूंवरच्या दाबात.

पत्रेवाला

म्हणजे मी म्हणत होतो तेच झालं, फोम जाड घ्या.

गणिती_किडा

हो की! घालून बघतो. हाच फोम ४० मिमी घेतला तर बेंडिंगचा वाक २.७ वरून ०.७१ होतो. शिअरचा ३.८ वरून १.९८. एकूण २.७ मिमी. बेंडिंग पावणेचार पटीने कमी झालं, शिअर साधारण निम्मा, कारण तो फोमच्या जाडीच्या फक्त प्रमाणात सुधारतो. आता तीन-चतुर्थांश वाक शिअरचाच आहे. पण अट पाळली जाते, पत्रेवाल्यांचा मुद्दा बरोबर.

वेदांग_८

अडचण अशी की पट्टी ज्या खाचेत बसते तिची उंची २५ मिमी आहे. २४ पर्यंत ठीक, ४२ शक्य नाही. पत्रे जाड केले तर? २ मिमीचे दोन, मग एकूण २४ मिमी.

गणिती_किडा

बेंडिंगचा १.२३, शिअरचा ३.४४, एकूण ४.७. अट जेमतेम पाळली जाते. पण पत्र्यांचं वजन दुप्पट, म्हणजे ५४० ग्रॅम जास्त. पत्रा घालून शिअर सुधारत नाही, हे आकड्यांत दिसतंय.

शिल्पा_स

फोम बदला. होड्यांमध्ये आणि पवनचक्कीच्या पात्यांमध्ये वापरतात तो क्रॉसलिंक्ड पीव्हीसी फोम, घनमीटरला ६० किलोवाला, त्याचा G २० च्या आसपास असतो आणि तो आकडा त्याच्या कागदावर छापलेलाही असतो. त्याच २० मिमीत बेंडिंगचा वाक तोच २.७ राहील, शिअरचा १.१३ होईल. एकूण ३.८. फोमचं वजन ७० वरून १२० ग्रॅम. ५४० ग्रॅम पत्र्याने जे साधलं त्यापेक्षा ५० ग्रॅम फोमने जास्त साधतं.

आता तुमच्या स्ट्रेन गेजकडे येते, कारण मला त्यातच जास्त रस आहे.

बाजूच्या गेजवर २६८ आला, हिशोबाचा २७२. वाक दुपटीहून जास्त असूनही पत्र्यातला स्ट्रेस हिशोबाप्रमाणे आहे. हे आश्चर्य नाही. दोन टेकूंवरच्या पट्टीत मध्यावरचा मोमेंट वजन आणि अंतर यांवरूनच ठरतो. तो पेलायला वरच्या पत्र्यात दाब आणि खालच्यात तेवढाच ताण लागतो, आणि त्या जोडीमधलं अंतर २१ मिमी. ५०,००० न्यूटन-मिमी भागिले २१, म्हणजे २,३८० न्यूटन. पत्र्याचा छेद १०० चौ. मिमी, म्हणून मध्यावर २३.८ मेगापास्कल. यात फोमचा G कुठेच आला नाही. फोम कितीही मऊ असो, चिकटून राहिला तर पत्र्यातलं एकूण बल तेच.

गणिती_किडा

एक गंमत दिसली. २ मिमीच्या सलग पट्टीत हाच मोमेंट ७५० मेगापास्कल देतो, म्हणजे ती केव्हाच कायमची वाकली असती. सँडविचमध्ये २३.८. भागाकार ३१.५. म्हणजे ताठपणा ३३० पट, पण स्ट्रेस फक्त ३१.५ पट कमी?

शिल्पा_स

बरोबर, आणि हे पुष्कळ जण नजरेआड करतात. ताठपणा पत्र्यांमधल्या अंतराच्या वर्गाने वाढतो, स्ट्रेस नुसत्या अंतराने उतरतो. उलटीकडून बघा: दोन्ही पट्ट्या बेंडिंगने सारख्याच वाकवल्या तर सँडविचच्या पत्र्यात साडेदहा पट जास्त स्ट्रेस असेल. पातळ पट्टी हाताने चांगली गोल वाकते आणि सुटली की सरळ होते. सँडविच तेवढी वाकवाल तर पत्रा जाईल किंवा फोम फाटेल. ज्याला "वाक किती सहन होईल" यावर काम करायचंय, म्हणजे जिथे भार नव्हे तर हालचाल लादली जाते, तिथे सँडविच वाईट निवड ठरू शकते.

वेदांग_८

पण मग मध्यावर ५३० कसा? २३.८ चे तर ३४०च होतात.

पत्रेवाला

गेज नीट चिकटलं नसेल.

शिल्पा_स

नीट न चिकटलेलं गेज कमी दाखवतं, जास्त नाही.

मध्यावर शिअर एकदम दिशा बदलतो. डावीकडे फोम एका बाजूला तिरका, उजवीकडे दुसऱ्या बाजूला. नुसत्या फोमचं चाललं असतं तर पट्टीला वजनाखाली टोकदार कोपरा पडला असता. पत्रा मात्र कोपरा करू शकत नाही, तो स्वतःच्या १ मिमी जाडीत वाकून कोपरा गोल करतो. हे पत्र्याचं स्वतःचं वाकणं आहे, सँडविचच्या वाकण्यापेक्षा वेगळं, आणि त्याचा स्ट्रेस वरून येऊन मिळतो. किती लांबीत हे घडतं ते S आणि पत्र्यांचा स्वतःचा ताठपणा यांच्या झगड्यावर ठरतं. तुमच्या आकड्यांनी ती लांबी साडेनऊ मिमीच्या आसपास येते. म्हणून १०० मिमीवरच्या गेजला त्याचा पत्ताही लागत नाही.

एका रेषेवर टेकवलेलं वजन धरलं तर हा जादा स्ट्रेस २८ मेगापास्कल येतो. मूळच्या २३.८ हून जास्त! तुम्ही वजन कशावर टांगलं होतं?

वेदांग_८

मध्यभागी आडवी रबरी पट्टी, २० मिमी रुंद, तिच्यावर लोखंडी पट्टी आणि तिला वजन.

गणिती_किडा

२० मिमीत सारखं वाटलं गेलं असं धरलं तर २८ चे सुमारे १७ होतात. एकूण ४१, म्हणजे ५८५ मायक्रोस्ट्रेन. मोजलेला ५३०. जवळ आलो, पण ५५ अजून शिल्लक.

शिल्पा_स

गेजची लांबी किती? गेज आपल्या लांबीतला सरासरी स्ट्रेन दाखवतं, टोक नाही. त्यात थोडे जातील. आणि हा सिद्धांत दोन्ही पत्रे सारखेच वाकतात असं धरतो, म्हणजे फोम जाडीत दबत नाही. तुमचा फोम दबतो, त्यामुळे खालच्या पत्र्याला वजनाची जागा धूसर होऊन कळते. वरच्या पत्र्याला उलट जास्त सोसावं लागत असणार. त्याच ठिकाणी वर गेज लावता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तिथे रबर आहे.

वेदांग_८

गेज ५ मिमीचं आहे. प्रत्यक्ष वापरात कधीतरी ६०० न्यूटन पडू शकतात. पत्रा टिकेल ना? २३.८ ची तिप्पट ७१, आणि माझा पत्रा १९० ला यील्ड होतो.

शिल्पा_स

यील्डच्या आधी वरचा पत्रा सुरकुतण्याची भीती बघा. दाबातला पातळ पत्रा मऊ फोमवर लहान लहान लाटांत कोलमडतो. अंदाजाला हे सूत्र पुरतं:

```
sigma = 0.5·(Ef·Ec·Gc)^(1/3)
```

अ‍ॅल्युमिनियमचा ७०,०००, तुमच्या फोमचा E १५ धरला आणि G ६, तर ९२ मेगापास्कल. ७१ त्याच्या फार जवळ आहे, कारण पत्रा मुळात थोडा लहरी असला किंवा कुठे चिकटवणीत हवेचा बुडबुडा राहिला तर तो याच्या बराच आधी जातो. जाताना फारशी पूर्वसूचनाही देत नाही. फट्‌ असा आवाज येतो आणि वजनाशेजारी एक आडवी सुरकुती उमटते, आत घुसलेली किंवा फोमपासून वर उचललेली. पीव्हीसी फोम घेतला तर E ७० आणि G २० ने हाच आकडा २३० होतो, म्हणजे मग सुरकुती यील्डच्या पलीकडे जाते. वजनाखालचा तो जादा स्ट्रेससुद्धा निम्म्याच्या आसपास येतो, फोम कडक असला की कोपराच कमी पडतो.

कपाटवाली_मीना

थोडं अवांतर. मी थर्माकोल आणि पातळ प्लायवूडचं पुस्तकांचं फळकूट केलं होतं. पहिल्या दिवशी एकदम सरळ, काही महिन्यांत मध्ये झोळ. चिकटवणी अजून पक्की आहे. हे पण शिअर का?

शिल्पा_स

अवांतर नाही, मुद्द्याचं आहे. सतत भाराखाली असे फोम हळूहळू सरकत राहतात, म्हणजे त्यांचा G जणू काळाबरोबर घटत जातो. उष्ण जागी जास्त वेगाने. प्लायवूडही थोडं सरकतं, पण तुमच्या फळकुटात मोठा वाटा फोमचा असणार. पुस्तकं काढल्यावर काही झोळ लगेच जातो, काही दिवसांनी जातो आणि काही राहतो. @वेदांग, तुमची उपकरणं कायमची ठेवलेली असतील तर वीस मिनिटांच्या चाचणीचा G वापरू नका. वजन आठवडाभर तसंच टांगून ठेवा आणि मधूनमधून काटा बघा.

वेदांग_८

पीव्हीसीचा तुकडा मागवतो. दोन्ही फोमच्या पट्ट्या शेजारी शेजारी टांगून आठवडाभर ठेवतो आणि ७५० चं मापही घेतो.

पत्रेवाला

पीव्हीसीला एपॉक्सी लावताना फोमच्या उघड्या छिद्रांत आधी पातळ हात मारून घ्या, नाहीतर फोम सगळं पिऊन टाकतो आणि सांधा कोरडा राहतो. वजनाच्या हिशोबात ते एपॉक्सीही धरा. तुमच्या ५० ग्रॅमच्या फरकात ते सहज लपतं.

गणिती_किडा

५ मिमी गेजच्या सरासरीने ५८५ चे साधारण ५८३ होतात. उरलेले ५३ फोमच्या दबण्याने जातात हे मला अजून पटलेलं नाही. रबराखाली दाब सारखा नसून कडांना जास्त असेल तरीही आकडा याच दिशेने सरकतो. वेदांग, जमलं तर रबर काढून त्याच रुंदीची लोखंडी पट्टी थेट ठेवून एकदा रीडिंग घ्या. तिच्या कडांवर भार आणखी एकवटेल. माझं खरं असेल तर मध्यावरचा आकडा ५३० च्याही खाली उतरेल.

शिल्पा_स

उतरेल, पण त्या कडांखाली फोम आधी चिरडला तर तुम्हाला कुठलंच उत्तर मिळणार नाही. ५० न्यूटनपासून सुरू करा.